रिपोर्ट चालला म्हणजे डेटा ताजा असतोच असे नाही: स्टेटस पेजच्या तीन पर्यायांची तुलना

ज्यांच्याकडे दहा-वीस रिपोर्ट रोज आपोआप चालतात, डेटा पोस्टग्रेसमध्ये आहे आणि "आजचा रिपोर्ट बघायला हरकत नाही ना?" या प्रश्नाला एका पानावर उत्तर द्यायचे आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे. असे पान करण्याचे तीन मार्ग माझ्या वापरात आले. पहिला म्हणजे एअरफ्लोसारख्या शेड्युलरचा स्वतःचा स्क्रीन, दुसरा म्हणजे एका टेबलावरून दर काही मिनिटांनी तयार होणारे साधे एचटीएमएल पान आणि तिसरा म्हणजे त्याच टेबलावर उभा केलेला ग्राफानाचा डॅशबोर्ड.

निवड करण्याआधी एक घटना सांगतो, कारण माझे पुढचे सगळे मत तिच्यावर आधारलेले आहे. आमच्याकडे २२ शाखांच्या विक्रीचा रिपोर्ट रोज सकाळी ६:१५ वाजता चालत असे आणि शाखांच्या फाइली त्याआधी, पहाटे पाचपर्यंत येत असत. एका मंगळवारी सोमवारच्या फाइली आल्याच नाहीत. रिपोर्टची क्वेरी मात्र कोणतीही तक्रार न करता पूर्ण झाली, स्क्रिप्ट शून्य एक्झिट कोड देऊन संपली आणि ईमेलही वेळेवर गेला. सकाळी अकराच्या सुमारास विक्री व्यवस्थापकांनी विचारले, "सोमवारची विक्री कुठे आहे?" तेव्हा शेड्युलरच्या स्क्रीनवर सगळे हिरवे होते. तो स्क्रीन चुकीचे काही सांगत नव्हता. रिपोर्ट ६:१५ ला यशस्वीपणे चालला होताच. त्यातला डेटा रविवारपर्यंतचाच आहे, हे सांगायला त्याच्याकडे जागाच नव्हती.

म्हणून शेड्युलरचा स्क्रीन हा पर्याय मी सर्वांत आधी बाजूला ठेवतो. एअरफ्लो आधीपासून वापरात असेल, तर जॉब कुठे अडकला हे शोधायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. पण तो काम चालवणाऱ्यांसाठी आहे, रिपोर्ट वाचणाऱ्यांसाठी नाही. त्याच्या वेळाही मूळ ठेवणीनुसार यूटीसीमध्ये दिसतात. आपल्या घड्याळात रात्री साडेबाराला झालेली रन तिथे आदल्या दिवशीच्या १९:०० ला झालेली दिसते आणि लेखा विभागातील माणूस ती कालची समजून फोन करतो. वेळक्षेत्र बदलता येते, पण डेटा किती ताजा आहे हा प्रश्न त्याने सुटत नाही.

उरलेल्या दोन्ही पर्यायांचा पाया एकच आहे, आणि खरे कष्ट त्या पायावर घ्यावे लागतात. प्रत्येक रिपोर्टची स्क्रिप्ट शेवटी पुढील टेबलात एक ओळ लिहिते.

```sql
CREATE TABLE report_runs (
  report_name text NOT NULL,
  finished_at timestamptz NOT NULL,
  ok          boolean NOT NULL,
  data_upto   timestamptz
);
```

यातला `data_upto` हा स्तंभ महत्त्वाचा. तो रिपोर्टच्याच स्क्रिप्टने, रिपोर्टची क्वेरी चालते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये काढावा आणि त्या ट्रान्झॅक्शनला `REPEATABLE READ` लावावे, म्हणजे दोन्ही क्वेरींना डेटाचे एकच चित्र दिसते. पान उघडल्यावर थेट विक्रीच्या टेबलातून ताजेपणा मोजावा हा मोह होतो, पण तो चुकीचा आहे. उशिरा आलेल्या फाइली सात वाजता भरल्या गेल्या, तर पान "ताजे" म्हणेल आणि लोकांच्या हातात मात्र ६:१५ चा जुना रिपोर्ट असेल.

हा आकडा कसा काढायचा, यातही एक चूक सहज होते. `max(sale_time)` घेतले, तर २२ पैकी एकाच शाखेची फाइल आली तरी डेटा ताजा दिसतो, आणि एखाद्या शाखेच्या बिलावर चुकून पुढच्या महिन्याची तारीख पडली तर तो महिनाभर ताजाच दिसत राहतो. आम्ही भविष्यातल्या तारखा वगळून आधी प्रत्येक शाखेची शेवटची वेळ काढतो आणि त्यांतली सर्वांत जुनी घेतो. त्यामुळे मागे पडलेली शाखाच पानावर दिसते. बंद झालेल्या शाखा या हिशेबातून काढाव्या लागतात, नाहीतर रिपोर्ट कायमचा शिळा ठरतो.

आता एचटीएमएल पान. `psql` ला `-H` हा पर्याय दिला की क्वेरीचे उत्तर एचटीएमएल तक्त्यात मिळते आणि क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी फाइल लिहिली की काम झाले. नवे सॉफ्टवेअर लागत नाही, लॉगिन लागत नाही आणि कार्यालयातला कोणीही ते पान उघडू शकतो. धोका एकाच ठिकाणी आहे: आउटपुट थेट पानाच्या फाइलीत वळवले आणि डेटाबेसशी जोडणी झाली नाही, तर पान कोरे होते. शिवाय क्वेरीत चूक झाली तरी `-f` ने चालवलेला `psql` मूळ ठेवणीत यशस्वी म्हणूनच बाहेर पडतो. दोन्ही गोष्टी अशा टाळता येतात:

```sh
psql -v ON_ERROR_STOP=1 -H -f status.sql > status.tmp \
  && mv status.tmp status.html
```

अर्थात, यामुळे डेटाबेस बंद पडला की जुने पान तसेच राहते आणि निर्धास्तपणे हिरवे दिसत राहते. म्हणून पानावर ते तयार झाल्याची वेळ ठळक लिहावी आणि "२ तासांपूर्वी" असा मजकूर सर्व्हरवर कधीही तयार करू नये. पान लिहिणारा क्रॉन थांबला, तर ते दोन तास दोनच राहतात. पानात पूर्ण तारीख-वेळ द्यावी आणि अंतर ब्राउझरमधल्या चार ओळींच्या स्क्रिप्टने मोजावे.

ग्राफाना इथे सरस ठरतो. तो प्रत्येक वेळी डेटाबेसला नव्याने विचारतो आणि उत्तर न मिळाल्यास पॅनेलवर चूक दाखवतो. रंगांच्या मर्यादा आणि सूचना पाठवण्याची सोयही तयार मिळते. मात्र त्याचा सापळा नेमका आपल्या कामात आडवा येतो. नव्या डॅशबोर्डचा कालावधी मुळात शेवटच्या सहा तासांचा असतो. क्वेरीत `$__timeFilter` ठेवले, तर दोन दिवस न चाललेला रिपोर्ट लाल होत नाही, तर यादीतूनच नाहीसा होतो. जो दिसायला हवा तोच दिसत नाही. या पॅनेलच्या क्वेरीत कालावधीची अट अजिबात ठेवू नये. त्याच कारणाने, पर्याय कोणताही असो, रिपोर्टांच्या नावांचे वेगळे टेबल करून त्याला `LEFT JOIN` ने यशस्वी रन जोडाव्यात. नाहीतर एकदाही यशस्वी न झालेला नवा रिपोर्ट पानावर येतच नाही.

माझी निवड सांगायची तर, ग्राफाना आधीपासून चालू असेल आणि रिपोर्ट वाचणाऱ्यांना त्यात प्रवेश असेल, तर तिथेच पॅनेल करावे. केवळ या एका पानासाठी तो बसवून त्याचे वापरकर्ते आणि अपग्रेड सांभाळणे मला पटत नाही. तिथे एचटीएमएल पान पुरेसे आहे. आमच्याकडे १४ रिपोर्टांसाठी तेच आहे. टेबल तेच राहत असल्याने पुढे ग्राफानाकडे जायचे ठरले तरी रिपोर्टांच्या स्क्रिप्टना हात लावावा लागत नाही.

शिळेपणाची मर्यादा मात्र प्रत्येक रिपोर्टसाठी वेगळी ठेवावी आणि ती त्या नावांच्या टेबलातच लिहावी. आमच्या शाखा रविवारी बंद असू लागल्यावर ३० तासांची सरसकट मर्यादा दर सोमवारी सकाळी सगळे लाल करू लागली आणि तीन आठवड्यांत लोकांनी लाल रंगाकडे बघणे सोडले. आता तासांऐवजी "शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंतचा डेटा आहे का" हे सुट्ट्यांच्या टेबलावरून तपासले जाते आणि ते टेबल दर जानेवारीत लेखा विभाग भरून देतो.