तपासणी आधी कोणाची: तारखेची की वर्गाची?

दुपारी साडेचार वाजलेत. गूगल क्लासरूमच्या To review पानावर आठवी अ आणि ब चे प्रकाशावरचे प्रश्न मिळून 50, नववीचे प्रयोगवृत्त 22. मुदती अनुक्रमे सोमवार, बुधवार, मंगळवार.

तारखेप्रमाणे गेलं, तर सर्वांत जास्त थांबलेल्या मुलांना आधी उत्तर मिळतं. पण अ नंतर नववी, मग पुन्हा तेच आठवीचे प्रश्न ब साठी. मधल्या वेळात माझा हात बदलतो. किरणाकृतीत बाणाची दिशा नसली तर अ ला अर्धा गुण कापलेला असतो, ब ला सोडून दिलेला. मुलं वह्या शेजारी ठेवून पाहतात आणि ते बरोबर पकडतात.

All classes मधून एकेक वर्ग निवडला, तर उत्तरसूची डोक्यात पक्की राहते आणि काम भराभर होतं. मात्र नववी मागे पडते, आणि तिला तर गुरुवारी पुढचा प्रयोग करायचाय.

म्हणून मी आधी नववी उरकते, मग अ आणि ब सलग, प्रश्नानुसार. गुण भरून Return दाबायचं राहिलं तर मुलांना ते गुण दिसतच नाहीत. तेवढं घरी निघण्यापूर्वी नक्की पाहते.