टायपिंगवाल्याला पत्राचा नुसता फोटो पाठवला: सात महिन्यांचा अनुभव

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो घेऊन जुनी पत्रं टाईप करून देणारं हे केंद्र नागपूरच्या महाल भागात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पानाला ४० रुपये, त्यामुळे मीही पत्रं पाठवू लागलो. पहिलं पत्र आजोबांचं, १९५४ चं. फोटो टाकला, सोबत एक अक्षर लिहिलं नाही. मराठी पत्र आहे, त्यात सांगायचं काय!

उत्तरात चार ओळींचा सारांश आला. "घरी सर्व खुशाल. ज्वारी १२११ रुपये मणाने विकली." तेव्हा बाराशेची ज्वारी खाल्ली कोणी बाप्पा?

मूळ पत्र भिंग लावून पाहिलं. आजोबांनी "२० मण, दर १२॥ प्रमाणे रु. २५०" असं लिहिलं होतं. ते ॥ म्हणजे अर्धा. एक काठी पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. टायपिंगवाल्या पोरानं दोन काठ्यांचे अकरा केले. वीस गुणिले साडेबारा बरोबर अडीचशे होतात, म्हणजे चूक पत्रातच पकडता आली असती. पण सारांशात वीस मण आणि अडीचशे दोन्ही गाळलेले. पडताळायचं कशावरून? माझा राग चुकीवर कमी आणि ती झाकली गेली यावर जास्त होता.

फोनवर भांडलो. तो म्हणाला, "काका, तुम्ही काही लिहिलंच नाही. मागच्या गिऱ्हाइकाला फक्त मतलब पाहिजे होता." तेव्हा त्याला झापलं. नंतर वाटलं, त्याचंही खरं आहे. बंगळुरूच्या माझ्या भाच्याला देवनागरी वाचता येत नाही, त्याला इंग्रजी भाषांतरच लागेल. पण नागपूरच्या माणसाने मराठी पत्र पाठवलं, तर त्याला भाषा येते, अक्षर लागत नाही, एवढं तरी ओळखावं! अशा वेळी आधी ओळीला ओळ उतरवून द्यावी, न लागलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाकावं. उतरवलेल्या मजकुरावरून सारांश कधीही करता येतो, सारांशावरून मजकूर परत मिळत नाही.

दुसऱ्या खेपेला मात्र त्यानं चकित केलं. तेव्हाही मी मुद्दाम नुसताच फोटो टाकला होता. आजीच्या पत्रात "तीं परवां आलीं" होतं. त्यानं जुने अनुस्वार तसेच ठेवले. आजच्या पद्धतीनं "ती परवा आली" केलं असतं, तर कोणी बाई आली असं वाटलं असतं. आली होती पोरं. शिवाय "यात घरच्या भांडणाचा मजकूर आहे, सगळा टाईप करू का?" असं आधी विचारलं.

अडीच तारे देणार होतो, आता साडेतीन. पहिल्या पत्राचे ४० रुपये अजून परत आलेले नाहीत.