गोष्ट क्रमाने सांगावी की वळणापासून?

सोलापुरातल्या एका मुलीला कॉलेजात 5 मिनिटं बोलायचंय. वडिलांचा यंत्रमाग बंद पडला आणि आईने कडक भाकरी, शेंगाचटणी विकायला घेतली, ही तिची गोष्ट. ती पहिल्यापासून क्रमाने सांगावी की थेट वळणापासून, यावर ती अडलीय.

आधी वेळ बघू. सावकाश बोललं तर 5 मिनिटांत साधारण 550 शब्द मावतात. क्रमाने लिहिलेल्या मसुद्यात माग, कर्ज, घर बदलणं यांतच बरेचसे शब्द संपले. वळण चौथ्या मिनिटाला आलं आणि त्यातून काय उमगलं ते सांगायला जागाच उरली नाही. वळणापासून लिहिताना पहिलं वाक्य असं झालं: "गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला आणि आई पहिल्यांदा 'नाही' म्हणाली." मग मागाची हकिगत सव्वा मिनिटात, पुन्हा त्याच गिऱ्हाइकापाशी, आणि शेवटी एकच विचार: आपल्या श्रमाची किंमत आधी आपण ठरवायची. कर्जाचा प्रसंग मनाला भिडणारा होता, पण या विचाराला त्याची गरज नव्हती. तो काढच, असं मी तिला सांगितलं.

पाठांतराला मात्र क्रम सोपा. मागेपुढे जाताना ऐकणाऱ्याने "हे कधी झालं?" असं विचारलं, तर जोडणारं वाक्य राहिलंय असं समजावं.

बोलायची सवय नसेल आणि घटना थोड्या असतील, तर क्रमच घ्या. फक्त वळण तिसऱ्या मिनिटाच्या आत आणा. पार्श्वभूमी लांबलचक असेल, तर वळणापासून सुरू करा. या मुलीला वळणापासूनची रीत शोभते.