दहा वर्षांच्या मुलीसाठी पहिले गेम: निन्टेन्डो स्विचच्या काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत आम्ही घरी निन्टेन्डो स्विच घेतला. मुलगी पाचवीत आहे आणि तिच्या आयुष्यातले हे पहिले व्हिडिओ गेम आहेत. शाळेचे दिवस, परीक्षा आणि सुट्ट्या असा सगळा काळ आता पार पडला आहे, त्यामुळे गेम कसे निवडले, डब्यावरच्या वयाच्या आकड्याचा कितपत उपयोग झाला आणि वेळेची मर्यादा प्रत्यक्षात कशी पाळली गेली, हे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे हे यंत्र आणि त्याचे गेम बहुधा आयात माल विकणाऱ्या दुकानांतून मिळतात. त्यामुळे एकाच फळीवर युरोपातले पेगी हे वयाचे मानांकन असलेले डबे आणि अमेरिकेतले ईएसआरबी हे मानांकन असलेले डबे शेजारी शेजारी दिसतात. पेगीच्या पायऱ्या 3, 7, 12, 16 आणि 18 अशा आहेत, म्हणजे दहा वर्षांचे मूल नेमके 7 आणि 12 यांच्यामधल्या मोकळ्या जागेत येते. ईएसआरबीने मात्र 2005 साली सर्वांसाठीच्या E आणि किशोरवयीनांसाठीच्या T यांच्यामध्ये दहा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी E10+ ही वेगळी पायरी घातली. ‘माइनक्राफ्ट’ला पेगी 7 आणि E10+ आहे, तर ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ला पेगी 12 असूनही ईएसआरबीचे E10+ च आहे. केवळ पेगीचा डबा पाहिला असता तर दुसरा गेम लगेच बाजूला पडला असता आणि केवळ अमेरिकेचा पाहिला असता तर दोन्ही सारखेच वाटले असते. म्हणून विकत घेण्यापूर्वी प्रत्येक गेम दोन्ही मंडळांच्या संकेतस्थळांवर शोधायचा, असा आम्ही नियम केला. ईएसआरबीच्या पानावर आकड्याखेरीज एक छोटा परिच्छेद असतो. गेममध्ये शस्त्रे कोणती, मार लागल्यावर पडद्यावर काय दिसते, रक्त आहे की नाही, हे त्यात सरळ शब्दांत सांगितलेले असते. माझ्या मते निवडीसाठी सर्वांत उपयोगी मजकूर हाच आहे.

माइनक्राफ्टच्या बाबतीत हे मानांकन योग्य ठरले, पण थोडी जोड द्यावी लागली. चित्र चौकोनी ठोकळ्यांचे असल्यामुळे मारामारी भीषण दिसत नाही. भीती येते ती आवाजाची. अंधाऱ्या गुहेत खणताना झॉम्बीचा घोगरा आवाज कुठून तरी येतो, आणि क्रीपर नावाचा हिरवा प्राणी जवळजवळ बिनआवाज पाठीशी येऊन, क्षणभर फुसफुसून फुटतो. हेडफोन लावून खेळताना मुलगी पहिल्याच संध्याकाळी दचकली आणि यंत्र खाली ठेवून आमच्याजवळ येऊन बसली. त्यानंतर आम्ही तिच्या जगाची काठिण्यपातळी Peaceful केली. या पातळीवर हल्ला करणारे प्राणी जवळपास दिसत नाहीत आणि भूकही कमी होत नाही, त्यामुळे घर बांधणे, शेती करणे आणि खाणीत उतरणे निर्धास्तपणे चालते. काही आठवड्यांनी तिनेच Easy मागितली. पातळी मध्येच बदलता येते आणि बांधलेले काही मोडत नाही, ही या गेमची मोठी सोय आहे.

अनोळखी लोकांशी संपर्क हा मानांकनाच्या कक्षेबाहेरचा भाग आहे. इतर खेळाडू काय बोलतील याचे मानांकन होत नाही, असे ईएसआरबी स्वतःच सांगते. आम्ही निन्टेन्डोचे ऑनलाइन सदस्यत्व घेतलेच नाही. ते नसेल तर ‘मारिओ कार्ट’ किंवा माइनक्राफ्ट इंटरनेटवरून इतरांबरोबर खेळता येत नाही, पण घरातल्या चौघांना एकाच पडद्यावर शर्यत लावता येते. या वयासाठी आम्हाला तेवढे पुरेसे वाटते.

आकड्यावर विसंबणे किती अपुरे आहे, हे फुटबॉलच्या गेमवरून सर्वांत स्पष्ट होते. ‘ईए स्पोर्ट्स एफसी 24’ला पेगी 3 आहे, कारण त्यात हिंसा किंवा शिवीगाळ नाही. पण त्याच डब्यावर लहान अक्षरांत आणखी एक सूचना असते: गेममध्ये खरेदी आहे आणि तिच्यात नशिबावर अवलंबून असलेल्या वस्तू आहेत. म्हणजे खऱ्या पैशांनी खेळाडूंचे बंद पाकीट घ्यायचे आणि आत कोण निघेल ते उघडल्यावरच कळायचे. तीन वर्षांच्या मुलाला चालेल असे लिहिलेला हा गेम आम्ही याच कारणासाठी घेतला नाही. डब्यावर ही सूचना आहे की नाही, हे मी आता वयाच्या आकड्याआधी पाहतो.

वेळेच्या मर्यादेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पालकांची खरी ओढाताण इथेच होते. निन्टेन्डोचे पालकांसाठीचे मोफत ॲप फोनवर घेऊन यंत्राशी जोडले की रोजची मर्यादा ठरवता येते आणि आठवड्याच्या प्रत्येक वाराला ती वेगळी ठेवता येते. आम्ही शाळेच्या दिवशी पाऊण तास आणि रविवारी त्याहून थोडा जास्त वेळ ठेवला. वेळ संपली की पडद्यावर सूचना येते, पण खेळ चालूच राहतो. तो आपोआप थांबवायचा असेल तर Suspend Software हा पर्याय वेगळा सुरू करावा लागतो. आम्ही तो बंदच ठेवला, कारण शर्यतीच्या शेवटच्या फेरीत पडदा गोठला तर कोणत्याही मुलाला राग येणारच.

त्याऐवजी आम्ही खेळ नैसर्गिकपणे कुठे थांबतो हे पाहून वेळ ठरवली. मारिओ कार्टच्या एका कपात चार शर्यती असतात आणि सगळे मिळून साधारण पंधरा मिनिटे लागतात, म्हणून पाऊण तास म्हणजे तीन कप, हा हिशेब मुलीला स्वतःला ठेवता येतो. माइनक्राफ्टला असा शेवट नाही, पण त्याचा दिवस आणि रात्र मिळून वीस मिनिटांची असते आणि पलंगावर झोपले की रात्र तिथेच संपते. त्यामुळे सूचना आल्यावर नवे खणकाम काढायचे नाही, घरी परतायचे, अंधार पडला की झोपायचे आणि जग जतन करून बाहेर पडायचे, असे ठरले. यात ठरलेल्या वेळेपेक्षा पाच-सात मिनिटे जास्त जातात आणि ती ॲपमध्ये दिसतात, पण रोजची घासाघीस जवळजवळ संपली.

ॲपची एक उणीव मात्र स्पष्ट सांगायला हवी. आमच्या या पहिल्या पिढीच्या स्विचवर मर्यादा संपूर्ण यंत्राला लागते, एकेका मुलाला नाही. चौदा वर्षांचा दादा अर्धा तास खेळला की मुलीचा पाऊण तास पंधरा मिनिटांवर येतो. कोणी किती खेळले हे ॲप नावानिशी दाखवते, पण वेळ वाटून देत नाही. दादा खेळतो त्या दिवशी पिन टाकून मर्यादा आम्हालाच उठवावी लागते आणि घड्याळाकडे आम्हालाच पाहावे लागते. भावंडे असलेल्या घरांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

झेल्डा आता मुलीच्या यादीत आहे. दोन मानांकनांमधले अंतर पाहता तो मी आधी स्वतः काही तास खेळणार आहे. माणसासारख्या दिसणाऱ्या शत्रूंशी लढाई कशी आहे आणि कुठल्याही क्षणी जतन करून उठता येते का, या दोन गोष्टी पाहून मे महिन्याच्या सुट्टीसाठी तो घ्यायचा की नाही ते ठरेल.