मराठीत कोटेशन समजावणारा फॉरवर्डर: एका हंगामानंतरचा अनुभव

रावेर पट्ट्यातून दुबईला केळीचे रीफर कंटेनर पाठवतो, त्यामुळे बुकिंग, टीएचसी, बी/एल वगैरे इथे पुन्हा सांगत बसत नाही. या फॉरवर्डरकडे वळलो ते एकाच कारणाने. इंग्रजी कोटेशनबरोबर तो मराठीत एक पान जोडून देतो. इंग्रजी अक्षर मला लागतं, पण अटींच्या बारीक टाइपात शिरलो की दुसऱ्या ओळीला पाय अडकतो. हंगामभर त्या पानावर खूश होतो. मग एका कंटेनरवर 18,490 रुपये जादा लागले आणि ते पान पुन्हा काढून नीट वाचलं.

पानावर लिहिलंय की डिमरेज म्हणजे मंगल कार्यालय वेळेवर खाली केलं नाही म्हणून लागणारं जादा भाडं, आणि डिटेन्शन म्हणजे भाड्याची भांडी उशिरा परत केली त्याचा दंड. वाचायला झकास. बंदरातली जागा अडवली तर डिमरेज, लाइनचा डबा बंदराबाहेर अडवला तर डिटेन्शन. पण हे ज्या क्रमाने सांगितलंय तो इम्पोर्टवाल्याचा क्रम आहे. त्याचा भरलेला डबा आधी बंदरात थांबतो, नंतर गोदामात जातो आणि रिकामा परत जातो. आपलं उलटं असतं. आपण आधी यार्डातून रिकामा डबा उचलतो, तेव्हाच डिटेन्शनचं घड्याळ सुरू होतं आणि भरलेला डबा बंदराच्या गेटातून आत गेला की थांबतं. तिथून जहाजावर चढेपर्यंत डिमरेजचं घड्याळ चालतं. म्हणजे आपल्यासाठी भांडी आधी आणि कार्यालय नंतर, आणि पानात नेमकं हेच नव्हतं.

आता आमचा डबा घ्या. 40 फुटी रीफर, मोफत दिवस पाच, त्यापुढे दिवसाला 60 डॉलर. 21 तारखेला सोमवारी संध्याकाळी न्हावा शेवाजवळच्या यार्डातून रिकामा उचलला. मी धरून चाललो होतो की दिवस मंगळवारपासून मोजतील. तसं नसतं. लाइनच्या हिशोबात उचलल्याचा दिवस हा पहिला दिवस, मग डबा रात्री अकराला का निघालेला असेना. मंगळवारी रात्री तो पॅकहाउसला लागला. बुधवार-गुरुवार कटाई, फण्या धुणं, बॉक्स भरणं, प्रीकूलिंग, स्टफिंग. गुरुवारी संध्याकाळी गाडी सुटली आणि शनिवारी सकाळी बंदराजवळ पोचली. माझ्या मोजणीने इथवर सगळं वेळेत होतं. पण जहाज मागे सरकलं होतं आणि टर्मिनल सोमवारपर्यंत त्या जहाजाचा माल आत घेणार नव्हतं. गाडी बाहेर उभी, जनसेट चालू, डिझेल आपलं, ट्रान्सपोर्टवाल्याचं हॉल्टिंगही आपलंच. 28 तारखेला सोमवारी डबा आत गेला. सोमवार ते सोमवार, दोन्ही टोकं धरून आठ दिवस. पाच वजा केले तर तीन, म्हणजे 180 डॉलर.

आत गेल्यावरचे दिवस मोफत मुदतीत बसले, त्यामुळे डिमरेज शून्य. रीफरच्या प्लगची वीज मात्र वेगळी लागते, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरा फटका बंकरचा. कोटेशनमध्ये बंकर 110 डॉलर होता, बिलात 145 आला. मी थेट फोन लावला. त्यांच्या ऑफिसातला पोरगा म्हणाला, "भाऊ, जहाज कधी सुटलं ते बघा." जहाज सुटलं 2 तारखेला, म्हणजे पुढच्या महिन्यात, आणि लाइनने नवा दर 1 तारखेपासून लावला होता. बंकर कोटेशनच्या तारखेवर ठरत नाही. त्या लाइनच्या अटीत जहाज निघण्याची तारीख धरलेली आहे. 1 जानेवारी 2020 पासून जहाजाच्या इंधनात गंधक 3.50 टक्क्यांऐवजी 0.50 टक्केच चालतं, त्या महागड्या तेलाचा बोजा लाइन अशा आकारांतून काढतात. कुणी त्याला बीएएफ म्हणतं, कुणी एलएसएस, मधेच तेल भडकलं की ईबीएस. नाव कोणतंही असो, आपण एवढंच बघायचं की भाड्यावर "ऑल-इन" लिहिलं असताना खाली यातला एखादा आकार पुन्हा वेगळा जोडलेला तर नाही ना. माझ्या कोटेशनमध्ये तसं नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

180 अधिक 35, झाले 215 डॉलर. ते त्यांनी 86 च्या भावाने रुपयात केले. त्या दिवशी बँकेचा भाव त्याहून कमी होता. मला खरा राग याचाच आहे. पानावर सगळं मराठीत आहे, डॉलर कोणत्या भावाने धरणार एवढंच तेवढं नाही.

इथवर लिहून दोन तारे देणार होतो. पण मधे एक गोष्ट घडली. त्याच पोराने विचारलं, "गाडी शनिवारी पोचल्याचा पुरावा आहे का?" ट्रान्सपोर्टवाल्याचा जीपीएस रिपोर्ट होता, आणि गेट उघडायची तारीख पुढे गेल्याचा लाइनचा मेल त्याच्याकडे होता. दोन्ही जोडून त्याने लाइनकडे अर्ज टाकला की उशीर जहाजाचा आहे, मालवाल्याचा नाही. तीनपैकी दोन दिवस माफ झाले, 120 डॉलर क्रेडिट नोटने परत आले. बंकरचे 35 परत येत नाहीत, तिथे कुणाचं चालत नाही. डिटेन्शनचा दर लाइनच्या वेबसाइटवर जाहीर असतो, तोही ताडून पाहिला. 60 म्हणजे 60च होता, मधे त्यांनी हात मारलेला नाही.

मग आमचे नाना म्हणाले, "रिकामा डबा उशिरा उचल ना भो, पाच दिवस पुरतील." सरळ वाटतं, पण हंगामात चांगला, तपासणी झालेला रीफर यार्डात मिळेल तेव्हा घ्यावा लागतो, आणि केळी आपल्या जहाजासाठी घडावर थांबत नाही. त्यावर एकच सोय आहे. बॉक्स आपल्याच कोल्ड रूममध्ये 13 अंशांवर ठेवायचे आणि गेटची तारीख पक्की झाल्यावर डबा बोलवायचा. कोल्ड रूमच्या एका दिवसाचं बिल 60 डॉलरच्या खाली बसतं का, हे ज्याचं त्याने बघावं. माझं बसतं.

आणखी एक ओळ मी आता लिहून मागतो. दुबईच्या बंदरात मोफत दिवस किती? तिथला आकार ग्राहकाने भरायचा असतो हे खरं, पण बी/एलच्या मागच्या अटींत "मर्चंट" म्हणून ग्राहकाबरोबर शिपरही धरलेला असतो. त्याने माल उचललाच नाही तर लाइन आपल्या दारात येते. नाशवंत मालाचा भाव पडला की ग्राहक फोन उचलत नाहीत, हे या धंद्यात कुणाला सांगायला नको.

नवीन पान मागच्या हप्त्यात आलं. त्यात एक्सपोर्टचा क्रम वेगळा लिहिलाय, उचलल्याचा दिवस पहिला असंही लिहिलंय, आणि बंकरपुढे "जहाज सुटण्याच्या तारखेचा दर" अशी ओळ आहे. डॉलरच्या भावाची जागा अजून कोरीच. पाचपैकी साडेतीन तारे. पुढचं बुकिंग त्यांच्याकडेच टाकलंय, पण डॉलरचा भाव मेलवर लिहून दिल्याशिवाय आगाऊ रक्कम सोडणार नाही.