तळव्याचे खड्डे, बुटांचा वास: कोणती ट्यूब घ्यावी?

चाकणच्या कारखान्यात बारा तास सेफ्टी शूज घालून उभा राहणारा माणूस घ्या. मोजे काढले की टाच आणि चवडा पांढरेफटक, भिजलेले. नीट पाहिलं तर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात, काही एकमेकांत मिसळून उथळ खड्डे झालेले असतात. खाज फारशी नाही, वास मात्र दारापर्यंत. मेडिकलवाला 'फंगस आहे' म्हणत ट्यूब देतो आणि महिना वाया जातो.

फंगसच्या चिखल्या बोटांच्या बेचक्यांत होतात, खाजतात. हे खड्डे शरीराचा भार पडतो तिथे होतात आणि ते बॅक्टेरियांचं काम असतं. घामाने मऊ पडलेल्या कातडीतलं केराटिन ते विरघळवतात. वास येतो तो त्यातून निघणाऱ्या गंधकयुक्त पदार्थांचा. डॉक्टर याला पिटेड केराटोलायसिस म्हणतात. म्हणून फंगसवरच्या टर्बिनाफिनचा इथे उपयोग नाही. फंगसवरच्याच क्लोट्रिमॅझोलने थोडा फरक पडू शकतो, म्हणूनच गैरसमज टिकतो. स्टेरॉइड मिसळलेली 'थ्री-इन-वन' ट्यूब तर नकोच.

खरी निवड दोन औषधांत आहे. मुरुमांसाठी मिळणारं बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल (२.५ किंवा ५ टक्के) बॅक्टेरिया मारतं आणि त्याला ते सहसा दाद देईनासे होत नाहीत. त्रास एवढाच की कातडी कोरडी पडते, चुरचुरते आणि रंगीत मोजे-चादरींवर पांढरे डाग पडतात, तेही कायमचे. क्लिंडामायसिन १ टक्का जेल सौम्य असतं. सकाळ-संध्याकाळ दोन ते चार आठवडे लावतात. पण ते अँटिबायोटिक, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं, दर पावसाळ्यात मनाने लावायचं नव्हे. माझं मत: तळव्याला भेगा नसतील तर आधी बेन्झॉइल पेरॉक्साइड, रात्री, पाय धुऊन पूर्ण कोरडे करून. चुरचुर सोसवत नसेल तर क्लिंडामायसिन.

घाम मात्र या दोन्हींनी थांबत नाही, आणि घाम राहिला की खड्डे परत येतात. पाय सतत ओले राहत असतील तर अॅल्युमिनियम क्लोराइडचं २० टक्के लोशन रात्री कोरड्या तळव्यांना लावून सकाळी धुवायचं. ओल्या किंवा फाटलेल्या कातडीवर ते आग आग करतं. त्याहून मोठा फरक बुटांच्या दुसऱ्या जोडीने पडतो: एक पायात, दुसरी आतलं सोल काढून पंख्याखाली. पावसाळ्यात एका रात्रीत सेफ्टी शूज वाळत नाहीत. डबा खाताना मोजे बदलता आले तर उत्तम.

वास आधी जातो, खड्डे कातडी नवी येईल तसे तीन-चार आठवड्यांत भरतात. वास गेला म्हणून ट्यूब सोडू नका. महिन्याने काहीच फरक नसेल, तळवा लाल होऊन दुखत असेल किंवा मधुमेह असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना पाय दाखवा. कातडी खरवडून तपासली की फंगसचा प्रश्न लगेच निकालात निघतो.