सारंगी, संतूर, बासरी, सनई: वाद्य ओळखायचं तर सुराची शेपटी ऐका

कानावर वाद्य पडतं, पण नाव सांगायची वेळ आली की बहुतेक जण त्याच्या ‘गोडव्या’वरून ठरवायला जातात. तिथेच घोळ होतो, कारण ही चारही वाद्यं गोड वाजू शकतात. त्यापेक्षा एकच सूर धरून पाहावं की तो सुरू कसा होतो, टिकतो कसा आणि संपतो कसा. यमन रागातला ‘नि रे ग’ घेऊ आणि मग गंधारावरून मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत, पुन्हा रिषभावर येऊ. एवढ्याशा तुकड्यात चौघांची ओळख पटते.

संतूर सगळ्यात आधी बाजूला काढता येतं. दोन हातांतल्या लाकडी कलमांनी तारांवर आघात करून ते वाजवतात, त्यामुळे प्रत्येक सुराच्या तोंडाशी बारीक ठोका असतो आणि ठोक्यानंतर सूर लगेच विरायला लागतो. गंधार लांबवायचा तर वादकाला तो भराभर पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो आणि आपल्याला दाणेदार सूर ऐकू येतो. ग ते रे ही मींड सलग येत नाही. पंडित शिवकुमार शर्मांनी कलम तारांवर हलकेच घसरवून मींडेचा भास निर्माण केला, पण कान देऊन ऐकलं तर त्यातही थरथर जाणवते. म्हणून सूर वाकत, कुठेही न तुटता खाली उतरला असेल, तर ते संतूर नाही.

बासरी आणि सनई दोन्ही फुंकेची, त्यामुळे दोन्हींची वाक्यं श्वासाच्या मापाची असतात. फरक सुराच्या पोतात आहे. बासरीच्या सुराभोवती हवेची हलकी फुसफुस असते आणि खालच्या सप्तकात ती स्पष्ट कळते. पन्नालाल घोषांनी रुळवलेल्या लांब बासरीचा खर्ज ऐकलात, तर सुराआधी फुंकच ऐकू येते. सनईत दुहेरी पत्ती ओठांत धरलेली असते. ती थरथरते, त्यामुळे सूर अनुनासिक आणि भरदार निघतो, त्याला धार येते. जिभेने सूर तोडला की ‘त’सारखा स्पष्ट आरंभ मिळतो. वरच्या सप्तकातली बासरी टोकदार होते आणि घाईत तिला सनई म्हटलं जातं. अशा वेळी सूर शिट्टीकडे झुकतो की पत्तीच्या गुणगुणीकडे, एवढंच विचारावं. सनईसोबत बहुधा दुसरी सनई सतत षड्ज धरून असते, ही आणखी एक खूण.

खरी कसोटी सारंगीची. तिला हार्मोनियम समजणं टाळणं सोपं आहे. हार्मोनियमचा ग आणि रे वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात, मधली वाट त्याला नाही. सारंगीवर बोटं तारेवरून दाबायची नसतात, नखांच्या मुळाशी तार बाजूने टेकवून सरकवायची असते. म्हणून ती गळ्यासारखी सूर वाकवते, आणि गायकामागून येताना क्षणभर दुसरा गायकच आल्यासारखं वाटतं.

गोंधळ व्हायोलिनशी होतो, कारण आपल्याकडचं व्हायोलिनही मींडेत कमी नाही. इथे मला सुराची शेपटी सर्वात भरवशाची वाटते. सारंगीच्या गजाने वाजणाऱ्या तीन मुख्य तातींखाली पस्तीसच्या आसपास तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप गुंजणाऱ्या तारा असतात. त्या रागाच्या सुरांत मिळवलेल्या असल्याने गज थांबला तरी मागे चंदेरी झंकार उरतो. शिवाय सारंगीचं तोंड कातड्याने मढवलेलं असतं, त्यामुळे तिच्या आवाजात घोगरा, घशातला रंग येतो. व्हायोलिनचा सूर त्यामानाने सुटा आणि चकचकीत असतो, आणि गज उचलला की तो लवकर निवतो.

पण रेकॉर्डिंगमध्ये कृत्रिम घुमारा मिसळलेला असेल तर व्हायोलिनलाही शेपटी फुटते. तेव्हा शेपटीत काय आहे ते ऐकावं. घुमाऱ्यात नुकताच वाजलेला सूरच पुसट होत जातो. तरफांच्या झंकारात मात्र तोच सूर सोडून रागातले इतर सूरही मिसळलेले असतात. मोबाइलच्या लहान स्पीकरवर हा झंकार जवळजवळ हरवतो. म्हणून सारंगी की व्हायोलिन हे ठरवायचं असेल, तेव्हा हेडफोन लावावेत आणि तबला सुरू होण्याआधीचा, आलापातला एखादा विराम निवडावा. पंडित रामनारायण यांच्या सारंगीच्या एकल वादनात असे विराम भरपूर सापडतात, आणि एकदा ती शेपटी कानात बसली की गायनाच्या साथीतली सारंगीही गर्दीतून वेगळी निघते.